एकाच फ्लॅटचे तीन नकाशे: वावर, उजेड आणि सामान यांची तुलना कशी करायची

फ्लॅट घ्यायचं ठरलं की मोबाइलवर नकाशांची चित्रं जमायला लागतात. बिल्डरचं रंगीत ब्रोशर येतं, साइटवरचा माणूस 'असंही करून देऊ' म्हणून दुसरं चित्र पाठवतो आणि नात्यातला कुणी इंटिरियरवाला तिसरं काढून देतो. फ्लॅट एकच, चित्रं तीन. घरातले सगळे ती चित्रं बोटांनी मोठी करून बघतात आणि शेवटी ज्याचे रंग चांगले ते चित्र आवडतं. असं होऊ नये म्हणून काय काय आणि कोणत्या क्रमाने बघायचं, ते इथे एका खऱ्याखुऱ्या मांडणीवर करून दाखवतो.

उदाहरणाला जुळे सोलापुरातला तिसऱ्या मजल्यावरचा एक टू बीएचके घेऊ. हॉल पूर्व-पश्चिम १६ फूट आणि दक्षिण-उत्तर ११ फूट. त्याच्या दक्षिणेला ४ फुटी बाल्कनी. मुख्य दार पूर्वेच्या भिंतीत, अगदी उत्तर कोपऱ्याशी. हॉलच्या उत्तरेला, पूर्वेच्या बाजूने ८ फूट रुंद स्वयंपाकघर आणि त्यामागे ड्राय बाल्कनी. उत्तर भिंतीच्या पश्चिम टोकाला पॅसेजचं ४ फुटी तोंड. तिथून संडास-बाथरूम आणि लहान बेडरूम. हॉलच्या पश्चिमेला नैर्ऋत्य कोपऱ्यात मोठी बेडरूम, १० बाय ११ ची.

पहिल्या चित्रात, म्हणजे ब्रोशरमध्ये, मोठ्या बेडरूमचं दार थेट हॉलच्या पश्चिम भिंतीत, बरोबर मध्यावर आहे. दुसऱ्यात बाकी सगळं तेच ठेवून स्वयंपाकघराची भिंत काढून ओपन किचन केलंय. तिसऱ्यात स्वयंपाकघर जसंच्या तसं आहे, पण बेडरूमचं दार हॉलमधून काढून पॅसेजमध्ये नेलंय. फरक एवढाच. एवढ्याशा फरकाने घर किती बदलतं ते पुढे दिसेल.

आधी तिन्ही चित्रं एका मापात आणा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलं जातं, आकडे पुसट होतात आणि ३ चा ८ दिसतो. म्हणून चित्र डॉक्युमेंट म्हणून, शक्यतो पीडीएफमध्ये मागवा. त्याबरोबर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीत लावलेला मंजूर नकाशाही उतरवून घ्या. तो दिसायला रुक्ष असतो, पण त्यात पलंग-सोफ्याची सजावट नसते आणि कॉलम काळे भरून दाखवलेले असतात. त्याचं काम शेवटी पडणार आहे.

आता तिन्ही चित्रांवर उत्तरेचा बाण शोधा आणि उत्तर वर येईल अशी चित्रं फिरवा. ब्रोशरमध्ये बहुतेक वेळा मुख्य दार खाली ठेवून चित्र काढलेलं असतं, कारण तसं बघायला सोपं जातं. उत्तर मात्र मग कुठेही गेलेली असते. याहून मोठी फसगत आरशाची असते. एका मजल्यावर लिफ्टच्या दोन्ही बाजूंना तोच फ्लॅट उलटा करून बसवलेला असतो आणि ब्रोशरमध्ये चित्र फक्त एकाचं असतं. तुमचा फ्लॅट दुसरा असेल तर चित्रातली पूर्वेची खोली तुमच्याकडे पश्चिमेला जाते, सकाळचं कोवळं ऊन दाखवणारी खिडकी दुपारी भाजणारी निघते. फ्लॅटचा नंबर मजल्याच्या पूर्ण नकाशावर शोधा, लिफ्ट आणि जिना आपल्या कोणत्या हाताला येतो ते बघा आणि मगच पुढे जा.

मग माप. चित्र ए-फोर कागदावर आडवं छापा आणि पट्टीने हॉलची १६ फुटांची बाजू मोजा. ती समजा १२८ मिलिमीटर आली, तर एका फुटाला ८ मिलिमीटर पडले. आता ११ फुटांची बाजू मोजा. ती ८८ मिलिमीटर यायला हवी. ८० आली तर चित्र पाठवताना एका दिशेने दाबलं गेलंय, त्याच्यावर काहीच मोजू नका. तिन्ही चित्रं फुटाला ८ मिलिमीटर या एकाच मापात छापून घेतली की ती शेजारी ठेवून बघण्यात अर्थ आहे.

चित्रात आकडे नसतील तर दार हीच पट्टी. बेडरूमचं दार साधारण ३ फुटांचं असतं, बाथरूमचं अडीच फुटांचं. ब्रोशरवरचं फर्निचर आधी या दाराशी ताडून बघा. आपल्या पहिल्या चित्रात मोठ्या बेडरूममधला पलंग ३४ बाय ४४ मिलिमीटर भरतो, म्हणजे सव्वाचार फूट बाय साडेपाच फूट. दुकानात मिळणारा डबल बेड ५ बाय साडेसहा असतो. हॉलमधला तीन जणांचा सोफा ३० मिलिमीटर, म्हणजे पावणेचार फूट; त्यात तीन माणसं बसणार नाहीत. खोली मोठी दिसावी म्हणून सामान लहान काढायची ही पद्धत सर्रास आहे. त्यामुळे ब्रोशरवरचं सामान डोळ्यांआड करायचं आणि आपलं सामान त्या मापात कापून ठेवायचं.

चालण्याच्या रेघा

आता सामान न ठेवता, रिकाम्या नकाशावर पेन्सिलने रोजच्या वाटा काढा. पाचच पुरेत: मुख्य दारातून स्वयंपाकघरात (भाजीची पिशवी, गॅसची टाकी), मुख्य दारातून पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरातून ड्राय बाल्कनीत, मोठ्या बेडरूममधून बाथरूममध्ये आणि हॉलमधून बाल्कनीत. रेघ काढताना तिला ३ फूट रुंदी द्या, म्हणजे आपल्या मापात २४ मिलिमीटरचा पट्टा. रंगीत पेन्सिलने तो भरून टाका. एकटा माणूस अडीच फुटांतून जातो, पण हातात कळशी किंवा कडेवर मूल असलं की ३ फूट लागतात.

पहिल्या चित्रात हे केल्यावर हॉलचं काय होतं बघा. दारातून स्वयंपाकघर आणि पॅसेजकडे जाणारी वाट उत्तर भिंतीच्या कडेने जाते, ती ठीक आहे. पण मोठ्या बेडरूमचं दार पश्चिम भिंतीच्या मध्यावर असल्याने तिकडे जाणारी वाट हॉल तिरका कापते. बाथरूमला जायचं तरी बेडरूममधून हॉलमध्ये यायचं, वळसा घालून पॅसेजमध्ये शिरायचं. रात्री पाहुणे हॉलमध्ये गादी टाकून झोपले असतील तर त्यांच्या पायाशीच ही वाट येते. १६ बाय ११ चा हॉल कागदावर भला मोठा, पण बसायला सलग जागा उरते ती दोन तिरप्या तुकड्यांत.

तिसऱ्या चित्रात बेडरूम पॅसेजमध्ये उघडते. सगळ्या वाटा उत्तर भिंतीच्या कडेच्या एकाच पट्ट्यात येतात आणि दक्षिणेकडचा ७-८ फुटांचा भाग बसायला मोकळा राहतो. फक्त बाल्कनीत जाणारी वाट त्यातून जाते, पण ती दिवसातून मोजक्या वेळेला लागते. हॉलचं क्षेत्रफळ तिन्ही चित्रांत तेवढंच आहे. म्हणून मला नेहमी वाटतं, खोली किती फुटांची हे विचारण्याआधी तिची दारं कुठे आहेत ते विचारावं.

दुसऱ्या चित्रात स्वयंपाकघर खुलं झाल्याने वाट सरळ होते, पण जिथे भिंत होती तिथेच जेवणाचं टेबल काढलेलं आहे. टेबल अडीच फूट रुंद, दोन्ही बाजूंना खुर्ची मागे ओढायला अडीच-अडीच फूट, म्हणजे एकूण साडेसात फूट. ब्रोशरवाले खुर्च्या टेबलात ढकललेल्या काढतात, म्हणून ते कळत नाही. माणसं जेवायला बसली की मुख्य दारातून पॅसेजकडे जाणारी वाट हॉलच्या मधूनच काढावी लागते.

उजेड आणि ऊन

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एवढ्या एका आकड्यावरून बरंच कळतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, पण क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर, म्हणजे बऱ्यापैकी खाली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो ७२ अंशांवर चढतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. याचा अर्थ दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात त्रास देत नाही आणि थंडीत ऊन आत आणते.

आपल्या हॉलवर हे लावून बघू. बाल्कनी ४ फूट खोल, वरच्या बीमची खालची कड जमिनीपासून ८ फुटांवर. डिसेंबरात त्या कडेखालून येणारं दुपारचं ऊन बाल्कनीच्या बाहेरच्या काठापासून साधारण ७ फूट आत पोचतं, म्हणजे बाल्कनीचे ४ फूट वजा जाता हॉलमध्ये ३ फूट. मार्चनंतर ते बाल्कनीतच थांबतं. हॉलसाठी यापेक्षा चांगलं काय हवं?

ऊन वेगळं आणि उजेड वेगळा. दिवसा दिवा न लावता वाचता येईल एवढा उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत जातो, हा ढोबळ हिशेब. बाल्कनीच्या सरकत्या दाराची वरची कड ७ फुटांवर असेल तर फार तर १४ फूट, आणि तेही बाल्कनीच्या बाहेरच्या काठापासून मोजायचे. म्हणजे हॉलमध्ये १० फूट. ११ फुटांचा हॉल जवळजवळ पुरा उजळतो. पण दुसऱ्या चित्रात 'भिंत काढली की किचनमध्ये हॉलचा उजेड येईल' असं जे सांगतात, ते या हिशेबात टिकत नाही. उजेड उत्तर भिंतीपर्यंत येता येता संपलेला असतो. स्वयंपाकघराला उजेड मिळणार तो ड्राय बाल्कनीतूनच.

आणि इथे आपल्या गावाची गोष्ट येते. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे सोसायटीची टाकी असली तरी घरात एक-दोन बॅरल भरलेले असतात. २०० लिटरचं बॅरल २ फूट रुंद, वॉशिंग मशीन २ फूट. ८ फुटी ड्राय बाल्कनीत दोन बॅरल आणि मशीन ठेवली की ६ फूट संपले, वर दोरीवर चादर-लुगडी. चित्रात जी बाल्कनी रिकामी आणि उजेडाची दिसते, ती प्रत्यक्षात स्वयंपाकघराच्या उजेडापुढचा पडदा होते. तिन्ही चित्रांवर ही बॅरलं गोल काढून बघा. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ती येत असतील तर मशीन आणि बॅरलं कडेच्या भिंतीला नेता येतील का, तिथे नळ आणि सांडपाण्याची जाळी आहे का, ते बिल्डरला आत्ताच विचारा.

ओपन किचनचा एक फायदा मात्र खरा आहे. दक्षिणेची बाल्कनी आणि उत्तरेची ड्राय बाल्कनी आमनेसामने येतात, वारा आरपार जातो. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून असतो, तेव्हा फोडणीचा धूर मागे निघून जातो. थंडीत वारा पूर्व-ईशान्येकडचा झाला की तोच धूर हॉलमध्ये येतो. रोज भाकरी, ठेच्याच्या मिरच्या भाजणं आणि शेंगाची चटणी असलेल्या घरात मी तरी भिंत ठेवीन आणि स्वयंपाकघराचं दार दक्षिणेच्या बाल्कनीसमोर येईल असं बघीन. दार उघडं ठेवलं की वारा मिळतो, फोडणीच्या वेळी लावून घेता येतं. आपल्या फ्लॅटमध्ये हे दार पूर्व कोपऱ्यापासून ५ ते ८ फुटांत आहे आणि बाल्कनीचं दार ५ ते ११ फुटांत, म्हणजे सरळ रेषेत. पहिल्या आणि तिसऱ्या चित्रात ते आपोआप जमलेलं आहे.

पश्चिमेची खिडकी ही आपल्याकडची खरी डोकेदुखी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि चारनंतर सूर्य खिडकीसमोर उतरतो. छज्जा वरून येणारं ऊन अडवतो, समोरून येणारं नाही. २ फुटांचा छज्जा काय, ४ फुटांचा काय, संध्याकाळी पाचला फारसा फरक पडत नाही. उभ्या पट्ट्या, बाहेरून लावलेला बांबूचा किंवा वाळ्याचा पडदा यांनी पडतो. मोठी बेडरूम नैर्ऋत्येला आहे, तिला दक्षिण आणि पश्चिम अशा दोन्ही खिडक्या आहेत. दोन्हींची मापं चित्रात बघा. दक्षिणेची मोठी आणि पश्चिमेची लहान असेल तर ती खोली राहण्याजोगी. उलट असेल तर पडद्याचा खर्च आजच धरा.

सामान मांडून बघा

जाड कागदाचे तुकडे कापा. फुटाला ८ मिलिमीटर धरून पलंग ४० बाय ५२, सोफा ५६ बाय २४, कपाट ४८ बाय १६. सध्याच्या घरातलं जे सामान बरोबर येणार आहे, ते टेपने मोजूनच कापा. आजीचं सागवानी कपाट दुकानातल्या मापाचं नसतं.

पहिल्या चित्रात हॉलमध्ये सोफा ठेवायला जा. पश्चिम भिंत ११ फुटांची, पण मध्ये दार असल्याने ४-३-४ अशी तुटलेली. उत्तर भिंतीवर स्वयंपाकघराचं दार आणि पॅसेजचं तोंड यांच्यामध्ये ४ फूट. ब्रोशरने तिथेच पावणेचार फुटांचा सोफा काढलेला होता. दक्षिणेला बाल्कनीचं दार. पूर्वेच्या भिंतीवर मुख्य दार वजा जाता ७ फूट उरतात, तिथे सोफा बसतो. मग टीव्ही समोरच्या भिंतीच्या ४ फुटी तुकड्यात, शेजारी सतत उघड-मीट होणारं दार. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ही तडजोड आहे.

तिसऱ्या चित्रात पश्चिमेची अख्खी भिंत मोकळी होते. ७ फुटांचा सोफा दक्षिण कोपऱ्यापासून ठेवला तरी उत्तरेला ४ फूट वाट राहते. समोर पूर्वेच्या ७ फुटांत टीव्हीचं युनिट, बाल्कनीचा उजेड बाजूने येतो, पडद्यावर चमक मारत नाही.

आता बेडरूम. पहिल्या चित्रात दार पूर्वेच्या भिंतीच्या मध्यावर आहे, म्हणून तिथे पलंग लागत नाही. डोकं दक्षिणेला करून मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. दाराची फळी ३ फुटांची. ती उघडताना पलंगाच्या कोपऱ्याला धडकते. ब्रोशरमधला पलंग सव्वाचार फुटांचा असल्याने हे चित्रात दिसत नव्हतं. म्हणून प्रत्येक दाराचा पाव गोल कंपासने काढा आणि त्याच्या आत कागदाचा एकही तुकडा येऊ देऊ नका.

तिसऱ्या चित्रात पलंग पूर्वेच्या भिंतीला, डोकं पूर्वेकडे. पायाशी साडेतीन फूट. उत्तर भिंतीला २ फूट खोल कपाट आणि दक्षिण भिंतीपासून १ फूट सोडून पलंग, म्हणजे कपाटासमोर ३ फूट. घरातल्या मोठ्यांना डोकं उत्तरेला नको असतं, तेही सांभाळलं जातं.

मंजूर नकाशा समोर ठेवा

इतकं झाल्यावर तिसरं चित्र पक्कं करावंसं वाटतं. थांबा, मंजूर नकाशातले काळे चौकोन बघा. हॉल, पॅसेज आणि बेडरूम जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात कॉलम आहे. तिसऱ्या चित्रात तो दाखवलेलाच नाही, दार थेट कोपऱ्याला चिकटवलंय. पॅसेजला लागलेली बेडरूमची भिंत ४ फुटांची, त्यात कॉलमचे ९ इंच गेले. उरले ३ फूट ३ इंच. ३ फुटांचं दार चौकटीसकट कसंबसं बसतं. पॅसेजचा तेवढा भाग साडेतीन फुटांचा असता तर हे चित्र नुसतंच चित्र राहिलं असतं.

दार कॉलमपासून सरकलं की कपाटाची जागाही सरकते. १० फुटांच्या उत्तर भिंतीत आता ६ फूट ३ इंच उरतात. मंजूर नकाशातली मापं सहसा विटेपासून विटेपर्यंत असतात. गिलाव्याचे दोन्हीकडचे मिळून इंचभर जातात. म्हणजे ६ फुटांचं कपाट घासून बसेल आणि चौकटीची पट्टी अडेल. साडेपाच फुटांचं करायला सांगा.

भिंत फोडण्याबद्दल साइटवर सहज सांगतात, 'काय नाही ओ, दोन दिवसांचं काम.' ४ इंची विटांची भिंत असेल तर ते खरं असू शकतं. पण अलीकडच्या काही इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, त्यात नंतर दार काढता येत नाही. नकाशात भिंत जाड किंवा काळी भरलेली दिसली तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार असल्याशिवाय पुढे जाऊ नका. दार हलवायचं असेल तर ते वीटकाम होण्याआधी ठरवा, म्हणजे विजेचा बोर्डही नव्या दाराच्या बरोबर बाजूला येतो.

शेवटी एकदा साइटवर जा, तेही दुपारी चार-साडेचारला. खडू आणि टेप बरोबर न्या. बेडरूमच्या जमिनीवर ५ बाय साडेसहाचा पलंग आणि २ फुटांचं कपाट आखा, दाराचा पाव गोल आखा आणि दोघांनी एकदम आत-बाहेर करून बघा. दक्षिणेच्या बाल्कनीत उभं राहून समोरची इमारत किती जवळ आहे तेही पाहा, कारण ती फ्लॅटच्या कोणत्याच चित्रात नसते आणि वर काढलेला उन्हाचा सगळा हिशेब समोर मोकळं आकाश आहे असं धरून केलेला आहे. समोर मोकळा प्लॉट असेल तर तिथे किती मजल्यांची परवानगी आहे ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या.